कपाटाचं दार पावसाळ्यात वाकलं: दोष मिस्त्रीचा की आमचा?

मांजलपूरकर
बेडरूममधलं भिंतीतलं कपाट मार्च-एप्रिलमध्ये करून घेतलं. २० दिवस सांगितले होते, ४७ लागले. अंदाज ८१,२०० चा होता, बिल १,१४,००० चं आलं. जाताना गच्चीवर सनमायकाच्या तुकड्यांची सहा पोती टाकून गेले, नव्या टाइल्सवर गोंदाचे डाग तसेच. हे सगळं एक वेळ सोडलं असतं, पण आता श्रावणात चारपैकी दोन दारांचे वरचे कोपरे बाहेर आलेत, कपाट नीट बंद होत नाही. ८९,००० दिलेत, २५,००० ठेवून घेतलेत. सोसायटीत तीन घरी काम निघालंय आणि सगळे मला विचारतात की हा माणूस कसा. मी त्यांना काय सांगू? आणि ते २५,००० द्यावेत का?

दांडियाबाजारकर
यात विचारायचं काय आहे? स्पष्ट सांगा, याला बोलावू नका. पैसे एक रुपया देऊ नका. प्लाय हलका वापरला असणार. ७१० नंबरचा मरीन प्लाय घेतला असता तर दार वाकलंच नसतं. आमच्या स्वयंपाकघरात तोच आहे, दहा वर्षं झाली.

रंधा
मी सुतारकामातच वाढलो, आता दुसऱ्यांच्या साइटवर देखरेख करतो. दांडियाबाजारकर, ७१० चा मरीन प्लाय चांगला हे खरंच, पण तो पाण्यात थर सुटू नयेत म्हणून. दार सरळ राहील याची हमी तो देत नाही. उंच दार वाकतं ते बहुतेक वेळा दोन्ही बाजू सारख्या नसल्यामुळे. मांजलपूरकर, एक दार उघडून आतली बाजू बघा. बाहेर सनमायका आहे, आत काय आहे?

मांजलपूरकर
आत सनमायका नाही. पॉलिश मारलंय. म्हणाला, आत कोण बघतंय, खर्च वाचेल. आम्हालाही पटलं.

रंधा
मग कारण तिथेच आहे. बाहेरच्या बाजूला एक मिलिमीटरचा सनमायका, त्यातून ओल जवळजवळ जात नाही. आतली बाजू मात्र पावसाळ्यात हवेतली ओल घेते आणि फुगते. आतली बाजू लांबली की दार धनुष्यासारखं होतं आणि टोकं बाहेर येतात. तुमचे वरचे कोपरे बाहेर आलेत, म्हणजे जुळतंय. म्हणून आतून पातळ का होईना, ०.८ चा साधा पांढरा सनमायका लावतातच. तो दिसण्यासाठी नसतो, तोल राखायला असतो. हे मिस्त्रीला माहीत असायलाच हवं. ग्राहकाने 'खर्च वाचवा' म्हटलं तरी सात फुटी दाराला 'नाही, हे वाकेल' असं सांगणं त्याचं काम. फिनिशबद्दल लोकांना सांगायचं असेल तर हे सांगा. 'काम खराब' एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही.

वाघोडियाची वहिनी
आमचंही असंच झालं हो! २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात आलं आणि किचनची खालची सगळी कपाटं फुगून पावासारखी झाली. दारं तर हातात आली. तुमच्याकडे पाणी किती आलं होतं? आम्ही आता खाली ग्रॅनाइटच्या उभ्या फळ्या घातल्या.

मांजलपूरकर
वहिनी, आमच्याकडे पाणी आलं नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. पण ग्रॅनाइटचं लक्षात ठेवतो, आईच्या घरी तळमजला आहे.

गोत्रीवाला
मी स्वतः छोटी कामं घेतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. ८१,२०० म्हणजे ८ बाय ७, छप्पन फूट, १,४५० चा भाव. १,१४,००० कुठून आले ते तुम्ही लिहिलं नाही. वर माळा केला का? सनमायका कोणी निवडला आणि किती दिवसांनी?

मांजलपूरकर
माळा नंतर सांगितला. हिने म्हटलं छतापर्यंत घ्या, गाद्या ठेवता येतील. तोंडीच बोलणं झालं. बिलात ८ बाय ९ लावलं, म्हणजे १,०४,४००. बाकी ९,६०० चार ड्रॉवरच्या सॉफ्ट-क्लोज चॅनलचे, तेही आम्हीच मागितले. सनमायका ठरवायला आम्हाला ९ दिवस लागले, हे खरं. आणि होळीला कारागीर राजस्थानात गावी गेले ते १२ दिवसांनी आले. आम्हाला पाडव्याला वास्तुशांत करायची होती.

गोत्रीवाला
बघा, २७ दिवसांच्या उशिरातले ९ तुमचे. होळी दरवर्षी येते, ती त्याने आधीच धरून २० ऐवजी ३२ सांगायला हवे होते, तो दोष त्याचा. उरलेले सहा दिवस माळ्याचे धरा. खर्चाचं म्हणाल तर वाढ तुमच्या मागणीची आहे. लोकांना 'याने बिल फुगवलं' असं सांगाल तर ते अन्यायाचं होईल.

रंधा
एवढं मान्य, पण माळ्याला तोच १,४५० लावणं मला पटत नाही. माळ्यात ना कप्पे, ना ड्रॉवर, ना हँगरची दांडी. चौकट आणि दोन दारं. त्याचा भाव कमीच बसतो. तो आधी ठरवला नाही, ही चूक दोघांची.

दांडियाबाजारकर
दार वाकल्यावरही एवढं समजून घ्यायचं? घाम गाळून कमावलेले पैसे आहेत त्यांचे. डागांचं काय, पोत्यांचं काय?

गोत्रीवाला
साफसफाईत त्याची चूक आहेच. काम घेताना 'मलबा कोण उचलणार' हे बोललं नाही तर कोणीच उचलत नाही, पण टाइल्सवर पुठ्ठा घालणं त्याचंच काम होतं. डाग पांढऱ्या गोंदाचे असतील तर गरम पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. पिवळे, रबरासारखे असतील तर थिनर लागेल.

दांडियाबाजारकर
दाराचं बिजागरीचे स्क्रू फिरवून होत नाही का?

रंधा
बिजागरीने अख्खं दार दोन-तीन मिलिमीटर हलतं. बाक जात नाही. मांजलपूरकर, ॲल्युमिनियमची सरळ पट्टी दाराच्या आतून उभी लावा. पोट आतल्या बाजूला आहे, म्हणून पट्टी मधे टेकेल आणि वर-खाली फट दिसेल. पट्टी अशी धरा की दोन्ही फटी सारख्या येतील, मग टोकाची फट मोजून लिहून ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तशीच परत मोजा. आणि घाई करून आत्ता आतून सनमायका चिकटवू देऊ नका. वाकलेल्या दारावर तो लागला की बाक कायमचा पक्का होतो.

मांजलपूरकर
मोजलं. एका दाराला ७ मिलिमीटर, दुसऱ्याला ४. ज्या दोन दारांना काही झालं नाही ती आतल्या भिंतीकडची आहेत, ही दोन बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीकडची. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणतो, आतून सनमायका फुकट लावून देतो, पण २५,००० आधी द्या.

रंधा
१०,००० आत्ता द्या, १५,००० दिवाळीनंतर दारं सरळ झाल्यावर. ४ वालं सुधारेल असं वाटतं. ७ वालं सुधारलं नाही तर दार नवीनच करायला सांगा.

दांडियाबाजारकर
मी असतो तर एकही दिला नसता.

गोत्रीवाला
मी असतो तर माळ्याचा भाव आधी मिटवला असता. त्याशिवाय १५,००० हा आकडा कशावरून?

मांजलपूरकर
हिचंही तेच म्हणणं आहे. रविवारी त्याला घरी बोलावलंय, दारं उघडी ठेवून पट्टी लावूनच बोलणार. शेजाऱ्यांना आज एवढंच सांगितलं: जोडकाम आणि ड्रॉवर उत्तम, तारखेवर विसंबू नका, मलबा कोण उचलणार ते आधी ठरवा, आणि दाराच्या आतून काय लावणार ते लिहून घ्या.