हस्तलिखित निबंधाच्या ओसीआरवर एआय डिटेक्टरचा आकडा: धरायचा की नाही?

नीलशाई: मुलांनी घरून हाताने लिहून आणलेले 40 निबंध स्कॅन केले, ओसीआरने मजकूर काढला आणि एआय डिटेक्टरला दिला. एका मुलीच्या निबंधावर ‘88 टक्के यंत्राने लिहिलेला’ असं आलं. हा आकडा धरायचा का?

करडी_रेघ: धरायचा. ओसीआर ‘घर’चं ‘धर’ करतं, ‘प्रयत्न’चं ‘प्रयल’ करतं. असे शब्द मध्येच आले की डिटेक्टरला मजकूर अनपेक्षित वाटतो आणि तो माणसाच्या बाजूला झुकतो. म्हणजे ओसीआरच्या चुकांनी आकडा खाली येतो. तरीही 88 आलाय, तर खरा आकडा त्याहून वरच असणार.

पानोपानी: पहिला भाग बरोबर आहे, पण तो अक्षर जसं दिसेल तसं उतरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ओसीआरला लागू पडतो. हल्ली हस्ताक्षर वाचणारी बरीच साधनं भाषेचं मॉडेल पोटात घेऊन येतात. अक्षर कळलं नाही की ती आजूबाजूच्या शब्दांवरून सर्वात संभवनीय शब्द लिहून मोकळी होतात. डिटेक्टर तरी काय मोजतो? प्रत्येक शब्द कितपत अपेक्षित होता, हेच मुख्यतः. म्हणजे एका यंत्राने अंदाजाने भरलेला शब्द दुसरं यंत्र ‘अगदी अपेक्षित’ म्हणून मोजतं.

मी अशी पानं शेजारी ठेवून पाहिली आहेत. कागदावर होतं, ‘मी तीथे गेलो तर कोनीच नव्हत मग परत आलो’. ओसीआरने दिलं, ‘मी तिथे गेलो, तेव्हा कोणीच नव्हते. मग मी परत आलो.’ शुद्धलेखन सुधारलं, ‘तर’चं ‘तेव्हा’ झालं, एका वाक्याची दोन झाली आणि एक ‘मी’ तर कागदावर नव्हताच. मुलाचं जे स्वतःचं होतं तेच नेमकं गेलं, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण वाचताना काहीच खटकत नाही. ‘प्रयल’ निदान डोळ्यांना दिसतो.

नीलशाई, त्या निबंधाचं एक पान स्वतः टाइप करा. चुका, खाडाखोड करून वर लिहिलेले शब्द, राहून गेलेले पूर्णविराम, सगळं जसंच्या तसं. ओसीआरचा मजकूरही तेवढ्याच पानाचा घ्या आणि दोन्ही त्याच डिटेक्टरला द्या.

दोनओळी: माझा अनुभव उलटा आहे. दोन वह्या शब्दशः सारख्या होत्या, तरी तपासणीत साम्य फक्त एक चतुर्थांश निघालं. डिटेक्टर सगळ्यांना सोडूनच देतात!

पानोपानी: तुम्ही सांगताय ती नक्कल शोधणारी तपासणी, ती वेगळी. तिथे सलग शब्दांचे तुकडे जुळवतात. ओसीआरची 100 पैकी 5 अक्षरं चुकत असतील, तर पाच अक्षरांचा शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता साधारण 77 टक्के. असे सलग पाच शब्द बरोबर येण्याची शक्यता 28 टक्क्यांच्या आत. एका वहीचा मजकूर अगदी अचूक असला तरी तुकडे एवढेच जुळणार. तुमचा एक चतुर्थांश त्याच्या जवळपासच आहे.

करडी_रेघ: मग आधी सगळ्यांचं शुद्धलेखन तपासून घ्या, म्हणजे सगळे एका पातळीवर येतील.

पानोपानी: नको! त्याने मुलांच्या स्वतःच्या चुकाही पुसल्या जातात आणि सगळे निबंध यंत्राच्या बाजूला सरकतात. आपल्याला पातळी सारखी करायची नाही, कागदावर काय आहे ते हवंय.

नीलशाई: काल रात्री बसून टाइप केलं. पान साधारण 180 शब्दांचं. ओसीआरने 23 शब्द बदलले होते, त्यातले 19 ‘सुधारलेले’. त्या पानाचा ओसीआरचा मजकूर दिला तर 86, मी टाइप केलेला दिला तर 41. मग मनात आलं म्हणून ज्याला 12 आला होता त्या मुलाचंही एक पान टाइप केलं. त्याचं अक्षर इतकं गिचमिड आहे की ओसीआरने अर्ध्या ओळींचा चुराडा केला होता. त्याचा आकडा 57 झाला. आता मुलीपेक्षा मुलगाच वर आहे, आणि मी तर फक्त मुलीच्या घरी कळवायच्या बेतात होते.

करडी_रेघ: 86 चा 41 होईल असं वाटलं नव्हतं. पण 41 म्हणजे शून्य नव्हे.

पानोपानी: नव्हे, पण 180 शब्दांवर 41 आणि 57 मधला फरक मी कुणाविरुद्ध वापरणार नाही. इतक्या छोट्या मजकुरात दोन वाक्यं इकडची तिकडे केली तरी आकडा हलतो. ओपनएआयने स्वतःचं असं साधन 1000 अक्षरांखालच्या मजकुरावर भरवशाचं नाही असं सांगूनच दिलं होतं, आणि जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून तेही मागे घेतलं.

दोनओळी: मग उरलेले 38 पण हाताने टाइप करायचे?

नीलशाई: तेवढा वेळ नाही माझ्याकडे. सुधारणा बंद करता येईल असं ओसीआर कुणी वापरलंय का? माझ्या साधनात तशी सोय सापडत नाही.