नाक गेलेला खंडोबा वितळवायचा का?

कोयनाकाठ (कराड): आमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक पणजीच्या वेळचा आहे. रोज घासून घासून त्याचं नाक गेलं, आता तिथं बारीक भोकही पडलंय. सोनार म्हणतो, १४ ग्रॅम भरतो, वितळवून नवा करा. आई म्हणते नदीत सोडू. पुण्यात शिकणारा धाकटा चुलतभाऊ म्हणतो, दोन्ही करू नका, 'अशा वस्तू धर्माचं काम करतात, त्यांचा अभ्यास होतो, मला द्या'. चांदीचा पत्रा काम कसलं करतो? आणि आम्ही काय करावं?

निर्भीड सातारकर: पत्रा काही करत नाही, करतात ती माणसं. तुमची आई पहाटे उठते, पाणी तापवते, फुलं काढते. श्रेय मात्र १४ ग्रॅम चांदीला. 'वस्तू काम करते' हे चांदीला देव मानण्याचंच सुशिक्षित नाव. उद्या टाकाच्या जागी कॅलेंडरवरचा फोटो लावा, काहीही अडणार नाही.

वाचनवेडी सांगली: दादा, फोटो लावून खरंच बघा. आमच्याकडे आपोआप तसं झालं होतं. सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही चार महिने मिरजेला भाड्याच्या खोलीत होतो. टाक तांदळाच्या डब्यात ठेवून आलो आणि खोलीत खंडोबाचा फोटो लावला. काय काय बंद पडलं हे मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं.

पहिल्यांदा गेली ती आंघोळ. फोटोला पाणी घालता येत नाही, म्हणून तीर्थ नाही. तीर्थ नाही म्हणून शाळेत जाण्याआधी मुलांनी हात पुढे करून थांबणं नाही. मग भंडारा गेला. फोटोच्या काचेवर बोट टेकवलं तर ठिपका उठतो, पण टाकाला लावताना भंडारा खळग्यात जाऊन बसतो आणि उरलेला आपल्या बोटाला राहतो, तो आपण कपाळाला लावतो. तेही बंद झालं. चंपाषष्ठीला तळी भरायची तर ताम्हनात ठेवायला देव नाही, म्हणून नवरा त्या दिवशी गावी गेला. उदबत्ती आणि हार तेवढे टिकले. भक्ती कमी झाली असं मला वाटत नाही, सासूबाई तर जास्तच नामस्मरण करायच्या. पण वीस मिनिटांची पूजा दोन मिनिटांवर आली आणि घरातली चार माणसं एका जागी यायची ती यायची थांबली.

वस्तूचं काम म्हणजे मी एवढंच समजते. ती काढली, किंवा तिच्या जागी दुसरी ठेवली, की नेमकं काय गळून पडतं ते बघायचं. चांदीत देव आहे का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

निर्भीड सातारकर: वही आवडली. पण हे 'सवय मोडली' एवढ्यावरही भागतं. माझा रोजचा चहाचा कप फुटला तरी माझी सकाळ बिघडते.

वाचनवेडी सांगली: कपासाठी तुमचा धाकटा भाऊ मुंबईहून येत नाही.

पांडुरंग हरी (फलटण): ही सगळी कुळाचाराची गुंतागुंत आहे. आम्हा वारकऱ्यांना वस्तूची गरजच नाही. नाम घेतलं की झालं. संतांनी धातू-दगडाच्या देवांवर काय कोरडे ओढलेत ते वाचा.

विटेकर गलाईवाले: माउली, गळ्यात माळ आहे ना?

पांडुरंग हरी (फलटण): माळ आहे, पण ती खूण आहे. बाकी काही नाही.

विटेकर गलाईवाले: माझा मेहुणा माळकरी आहे. लग्नात, जत्रेत त्याला कुणी विचारत नाही, माळ बघूनच शाकाहारी पंगतीत बसवतात. एकदा माळ तुटून मणी ओसरीवर सांडले, तर नवी माळ गळ्यात पडेपर्यंत पठ्ठ्या जेवला नाही. शब्द दिलाय विठ्ठलाला, पण त्याच्या ताटावर पहारा देते ती तुळशीची माळ. नुसती खूण असती तर खिशात ठेवली असती.

पांडुरंग हरी (फलटण): हं. खिशात ठेवून चालत नाही हे खरं. पण तुळस ती तुळस, ती चांदी नव्हे.

तासगावची सून: आमच्याकडे वीराचा टाक आहे, घरातला कुणी पूर्वी लढाईत गेलेला. सासूबाई म्हणतात तो मोठ्या जाऊबाईंकडेच राहणार. मग आम्ही काय वाळीत आहोत का? दोन वर्षं झाली वेगळं होऊन. नव्या घरात देव्हारा केला, गणपती आणि अन्नपूर्णा ठेवली, टाक मात्र नाहीत. नवरात्रात देव घटी बसतात तेव्हा आम्हालाच डबे घेऊन त्यांच्याकडे जावं लागतं. घासायचं कशानं हे कुणी सांगेल का? जाऊबाई रांगोळीनं घासतात, मला ते बघवत नाही.

वाचनवेडी सांगली: वहिनी, कोयनाकाठ दादांच्या चुलतभावाला जे कळायला हवंय ते तुमच्या तक्रारीतच आहे. वाटणीत जमीन तुटते, भांडी मोजून वाटतात, पण टाक थोरल्या घरी राहतात आणि वर्षातून एकदा सगळ्यांना तिथं ओढून आणतात. पुष्कळ घरांत धाकटे नवे टाक करून घेतात, जेजुरीला किंवा कराडजवळच्या पालीला नेऊन देवाला भेटवून आणतात, तरी कुळाचाराला थोरल्याच घरी जातात. कोण थोरलं आणि कुणाचे पाय कुणाच्या उंबऱ्याला लागायचे, हे त्या पत्र्याच्या जागेवरून ठरतं.

विटेकर गलाईवाले: घासण्याचं मी सांगतो, धंदाच तो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. चिंच तांब्या-पितळेला चालते, चांदीच्या काळ्याला तिचा फारसा उपयोग नाही, मग माणसं रांगोळी घेतात. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती काळं नाही काढत, चांदीच काढते. आधी जातं ते वर आलेलं, म्हणजे नाक, गाल, घोड्याचं डोकं. त्यापेक्षा पातेल्यात अॅल्युमिनियमचा कागद अंथरा, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घाला, टाक कागदाला टेकेल असा ठेवा. काळं परतून चांदी होतं, घासावं लागत नाही.

एक धोका मात्र आहे. टाक म्हणजे ठशावर ठोकलेला पातळ पत्रा, मागून तांब्याचा पत्रा दुमडून बसवलेला, जुन्यात मध्ये लाखही असते. भोक असेल तर पाणी आत शिरतं, लाख मऊ होते आणि तांब्याला हिरवं जंगाल धरतं. कोयनाकाठ, तुमचा टाक पाण्यात घालूच नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा.

निर्भीड सातारकर: बघा, म्हणजे झीज ही भक्तीची नाही, रांगोळीची. मग ते अभ्यासक झिजलेलं नाक बघून 'पिढ्यान्‌पिढ्यांचा स्पर्श' वगैरे लिहितात त्याचं काय?

वाचनवेडी सांगली: इथं तुमचं बरोबर आहे, आणि ही चूक पुष्कळांकडून होते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी एखादी जोरकस बाई टाक उजळायला बसली, तर दहा वर्षांत पन्नास वर्षांची झीज करू शकते. झिजेवरून श्रद्धा मोजता येत नाही. हात कुठं फिरला एवढंच कळतं. खरा वापरलेला टाक उंचवट्यावर गुळगुळीत असतो, पण खोबणीत हळद-कुंकू, तेल आणि काजळी दगडासारखी बसलेली असते. बाजारात जुना म्हणून विकायला मुद्दाम झिजवलेले टाक येतात, त्यात खोबणीही उंचवट्याइतक्याच घासलेल्या किंवा सगळीकडे सारखा काळा रंग. म्हणून पुण्याच्या भाऊंना सांगा, टाक चकचकीत करून नेऊ नका, तुमच्या घरची साक्ष त्या मळातच आहे. त्याच्याबरोबर तो कोण कधी धुतं, सुतकात पूजा कोण करतं, हे आईला विचारून लिहून ठेवा. नाहीतर काचेच्या पेटीत नुसता 'चांदीचा टाक' राहील. औंधला यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत भवानी संग्रहालय लागतं. खाली मूर्ती बघताना माणसं हात मागे बांधून चालतात, वर देवळात त्याच माणसांचे हात जोडलेले. बदल मूर्तीत नसतो.

कोर्टाच्या पायरीवरून: चुलतभावाला 'द्या' म्हणण्याआधी एक जुना निकाल. १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या ठाकुराचं, म्हणजे घरच्या देवाचं, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं. पूजेची पाळी वाटलेली होती आणि एकाला आपल्या पाळीत देव आपल्या घरी न्यायचा होता. कौन्सिल म्हणालं, देव हा नुसता जंगम माल नाही, त्यानं कुठं राहावं याबद्दल त्याचीही इच्छा आहे आणि ती त्रयस्थ माणसानं त्याच्या वतीनं मांडावी. मात्र ते विधिवत स्थापन केलेल्या, दान लावून दिलेल्या देवाबद्दल होतं. तुमचा टाक त्यात सरसकट बसेलच असं नाही. घरातच मिटवा.

निर्भीड सातारकर: देवाची इच्छा वकील मांडणार. छान.

विटेकर गलाईवाले: वितळवण्याचं राहिलं. मुशीत गेल्यावर देव राहत नाही, कस राहतो. तरी माझे वडील टाक तसाच मुशीत टाकत नसत. आधी हातोडीनं चेहरा सपाट करायचे, चप्पल काढून. आम्ही हसायचो. आता मीही तसंच करतो, का ते विचारू नका. आणि सोनाराला सांगा, हीच चांदी नव्या टाकात घाला, कमी पडेल तेवढीच वरून. मागचं तांबं सोडवून वेगळं तोला, नाहीतर १४ ग्रॅम म्हणून तुम्ही तांब्याचेही पैसे धराल.

वाचनवेडी सांगली: नव्यात जुनी चांदी घातली तर अंग तेच राहिलं, रूप गेलं. जुना तसाच ठेवून नवा पुजला तर उलट. तुमची आई 'तोच देव' कशाला म्हणते, ते तिला विचारा. माझ्या सासूबाई चांदीला म्हणतात, त्यांच्या बहिणी चेहऱ्याला.

कोयनाकाठ (कराड): विचारलं. आई म्हणाली, 'घोड्याची शेपटी.' रोज अंधारात टाक धुताना तिचं बोट शेपटीवर आलं की सरळ धरलाय हे कळतं म्हणे. नाक गेल्याचं तिला सोनारानं दाखवलं तेव्हा कळलं. आता नदीत सोडायचं तिनंच बाजूला ठेवलंय. पण नव्या टाकावर शेपटी तशीच हवी, आणि सोनाराकडच्या ठशातल्या घोड्याची शेपटी चिकटलेली आहे, बोटाला लागत नाही. चुलतभाऊ शनिवारी येतोय. गलाईवाले अण्णा, विट्यात कुणाकडे जुना ठसा मिळेल का?

विटेकर गलाईवाले: आमच्या गल्लीत एकाकडे दोन आहेत. एकात घोडा उजवीकडे तोंड करून, एकात डावीकडे. तुमचा कुठं?

कोयनाकाठ (कराड): डावीकडे. थांबा, आईला विचारून सांगतो.