पहिल्या महिन्यात वजन कधी वाढवायचं?

"सर, रिकाम्या बारवरच स्क्वॉट किती दिवस? मला याहून जास्त जमतं."

जमतं, मान्य. पण काल आठव्या रेपला तुमच्या टाचा उचलल्या गेल्या आणि गुडघे आत वळले, ते तुमच्या लक्षातही आलं नाही. बार रिकामा असला तरी 20 किलोचा आहे.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, दहाचे तीन सेट. तिन्ही सेट टाचा न उचलता झाले आणि शेवटी अजून दोन रेप निघतील असं वाटलं, की पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. एखादा सेट बिघडला तर तेच वजन पुन्हा. सुरुवातीला ताकद भराभर वाढते, कारण मेंदू आहे तेच स्नायू नीट वापरायला शिकतो. स्नायूबंध मात्र सावकाश तयार होतात, घाई केली की तिथेच दुखणं सुरू होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना कळेलच! ते चालतं. गुडघ्यात एकाच जागी टोचलं तर सेट तिथेच थांबवून मला सांगा. आणि हो, काट्यावर किलोभर जास्त दिसलं तर घाबरू नका, व्यायामानंतर स्नायू पाणी धरून ठेवतात.