अनुभव धागा : पुरवठादाराने काम अडवले तेव्हा प्रायोजकाकडे एस्कलेशन करताना काय लिहिले?

धागाकर्ती, दारव्हा : आमच्या शेतकरी कंपनीच्या दालमिलचे काम माझ्याकडे आहे आणि पैसा एका विश्वस्त संस्थेचा आहे. यंत्रे बसली होती, पण ट्रान्सफॉर्मर आला नव्हता. तो आल्याशिवाय विद्युत निरीक्षकांची तपासणी नाही आणि तपासणीशिवाय महावितरणची जोडणी नाही. विश्वस्तांना मी तीन पानांची टिपणी पाठवली, तीत पुरवठादाराला केलेल्या प्रत्येक फोनची तारीख होती. "पाठपुरावा सुरू ठेवावा," एवढेच उत्तर आले, कारण त्यांनी काय करावे हे मी कुठेच लिहिले नव्हते.

दुसरी टिपणी अर्ध्या पानाची होती. पहिले वाक्य असे : "१० डिसेंबरपर्यंत आपला निर्णय न झाल्यास १५ जानेवारीला मिल सुरू होणार नाही आणि नवी तूर बाहेरच्या व्यापाऱ्याकडे जाईल." ही तारीख मी उलट मोजून काढली होती. तपासणी व जोडणीला २१ दिवस, बसवणी व अर्थिंगला ८, दुसऱ्या पुरवठादाराकडचा तयार ट्रान्सफॉर्मर पोहोचायला ७. जुना करार रद्द करण्याचा अधिकार त्यांचाच असल्याने तेवढाच निर्णय मागितला, आणि नव्या खरेदीचा वाढीव खर्चही लिहिला. त्याच संध्याकाळी होकार आला. जुन्या पुरवठादाराकडची आगाऊ रक्कम मात्र अजून अडकलेली आहे.

वणी, निवृत्त विद्युत अभियंता : ताई, टिपणीआधी कारखान्यात स्वतः जाऊन यावे. मला "उद्या गाडी निघते" असे दहा दिवस सांगत होते. जाऊन पाहिले तर गुंडाळ्या भट्टीत वाळायलाही गेल्या नव्हत्या आणि टाकी रिकामी होती. त्यानंतर टाकीत बसवणे, तेल भरणे आणि चाचणी बाकी असते. म्हणून चाचणी अहवाल मागावा आणि त्यावरचा अनुक्रमांक पाटीवरच्या क्रमांकाशी जुळवावा. मी टिपणीत "उशीर होत आहे" असे न लिहिता डोळ्यांनी पाहिलेली अवस्था लिहिली, त्यामुळे प्रायोजकांना वाद घालायला जागा उरली नाही.

समुद्रपूर : आमच्या बंधाऱ्याच्या कामातही एस्कलेशन अडले आहे. सिमेंट-लोखंडाची भाववाढ कंत्राटदाराला द्यायची की नाही, यावर वर्षभर फाईल फिरत आहे.

धागाकर्ती : भाऊ, ते दरवाढीचे झाले. इथे एस्कलेशन म्हणजे अडचण वरच्या पातळीवर नेणे, त्याबद्दल विचारले आहे.

अचलपूर : करारात विलंब दंड असतोच. तो लावण्याची ताकीद दिली की माल येतो, प्रायोजकाला त्रास कशाला?

वणी : दंडाची लेखी सूचना वेळेवर द्यायलाच हवी, नाहीतर आपण मुकाट्याने मुदतवाढ दिली असे पुरवठादार म्हणतो. पण आमच्या करारात दंड आठवड्याला अर्धा टक्का होता. तो सोसणे त्याला दुसऱ्या गिऱ्हाईकाचे काम थांबवण्यापेक्षा स्वस्त पडले.

अचलपूर : मान्य. मग टिपणीची प्रत पुरवठादाराला द्यावी का? मी दिली होती, तर त्याने फोन उचलणेच बंद केले.

धागाकर्ती : मी प्रत दिली नाही, पण वर लिहिणार असल्याचे दोन दिवस आधी कळवले होते. इतरांनी काय केले, ते वाचायला आवडेल.