मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटची 10 वर्षांनंतरची विक्री किंमत कशी धरावी?

फ्लॅटची किंमत 100 धरली आहे, नोंदणी वगैरे खर्चासह 107. कर्ज नाही. वर्षाचं भाडं 3.6, त्यातून एक महिना रिकामा आणि देखभाल, मालमत्ता कर, विमा वजा करून हातात 2.5. ही निव्वळ रक्कम दरवर्षी 5% वाढेल असं धरलंय. तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या गुंतवणुकीत 10% मिळतील, म्हणून सवलतीचा दर 10%. सगळे आकडे महागाईसह आणि आयकरापूर्वीचे आहेत.

10 वर्षांच्या भाड्याचं आजचं मूल्य 18.6 येतं. किंमतही 5% नेच वाढली तर विक्रीचे 163, म्हणजे आजचे 62.8. बेरीज 81.4, म्हणजे सरळ तोटा. बरोबरी साधायला किंमत वर्षाला साधारण 8.7% वाढावी लागते. अख्खा निकाल या एका अंदाजावर लटकतोय, हेच मला खटकतं.

म्हणून विक्री किंमत भाड्यावरून काढून पाहिली. अकराव्या वर्षाचं निव्वळ भाडं 4.07, तेव्हाच्या खरेदीदाराने जुन्या इमारतीवर 2.5 ऐवजी 3% परतावा मागितला, तर किंमत 136 च. लिफ्ट, गळती, रंगकाम असे मोठे खर्च अजून धरलेले नाहीत.

इमारतीच्या वयासाठी परताव्याचा दर वाढवावा, की दर तोच ठेवून मोठ्या दुरुस्त्या वर्षवार वजा कराव्यात? दोन्ही केलं तर तीच झीज दोनदा मोजली जाते का?