मदत हवी आहे: केळी पिकवण केंद्राच्या निविदेत गुणांची वाटणी कशी ठेवावी?

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. दहा-दहा टनांच्या चार रायपनिंग चेंबरसाठी प्रस्ताव मागवायचे आहेत.

मागच्या वेळी नुसतं 'कोटेशन द्या' म्हटलं आणि फसलो. एकाने बाहेरचं तापमान ३५ अंश धरून कॉम्प्रेसर बसवला, दुसऱ्याने ४५. पहिला स्वस्त दिसणारच, पण आपल्याकडच्या मे महिन्यात तो टिकेल का? जनरेटर एकाच्या दरात होता, दुसऱ्याच्या नाही. तुलना करायची तरी कशी!

म्हणून आता दरपत्रकाचा तक्ता आम्हीच छापून देणार आहोत. बाहेर ४५ अंश, आत १६ ते १८, भरताना माल ३२ अंशांचा, हे सगळ्यांना सारखं. एका फेरीला किती युनिट वीज लागेल, तेही त्याच तक्त्यात भरायचं.

गुण तांत्रिक ६०, किंमत ४०. सर्वात कमी दर भागिले त्याचा दर, गुणिले ४०. म्हणजे ४० लाखवाल्याला ४०, ५० लाखवाल्याला ३२. तांत्रिकमध्ये पहिल्याला ४२ आणि दुसऱ्याला ५२ मिळाले, तर बेरीज ८२ आणि ८४. महाग असून दुसरा जिंकतो. संचालकांना हे पटवणं जड जातंय.

अडलंय इथे: विजेचा खर्च तांत्रिक गुणांत धरावा, की पाच वर्षांचं बिल किमतीतच मिळवावं? दोन्हीकडे धरला तर दुहेरी मोजला जाईल. आणि तांत्रिकमध्ये किमान ४० ची अट घालावी का? ज्यांनी अशी निविदा काढली आहे, त्यांनी कृपया सांगा. कागद पुढच्या आठवड्यात काढायचाय, निघाला की निकष बदलता येणार नाहीत.