मदत हवी आहे: हिंदी क्लोज्ड कॅप्शनमध्ये बेल आधीच वाजते, ओळ भलतीकडे तुटते

रेवा_पुणे
नमस्कार मंडळी. एका हिंदी लघुपटाची कॅप्शन फाईल दुरुस्तीसाठी आली आहे, आधी दुसऱ्याच कोणीतरी केलेली. प्रेक्षक कर्णबधिर आहेत, म्हणजे संवादांबरोबर आवाजही लिहायचे. निर्मात्याच्या अटी अशा: दोनच ओळी, एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, वाचनाचा वेग सेकंदाला २० अक्षरांपर्यंत.

प्रसंग रात्रीचा, स्वयंपाकघरातला. बाई फोनवर नवऱ्याशी बोलतेय, गॅसवर कुकर. बोलणं १०.४ सेकंदाला संपतं, ११ व्या सेकंदाला बेल वाजते, ती दचकते आणि १२.३ ला विचारते, "कौन?" फाईलमध्ये मात्र हे आहे:

```
41
00:12:07,200 --> 00:12:10,400
[दरवाज़े की घंटी बजने की आवाज़]
मैंने चाबी पड़ोस वाली आंटी को दे दी
थी, पर वो दरवाज़ा खोल ही नहीं रही थीं।
```

तीन ओळी झाल्या, बेलची ओळ काढली तरी वेगाचा आकडा लाल (२२.८), आणि "दे दी" नंतर ओळ तुटलेली खटकते. शिवाय अख्ख्या फाईलभर [कुकर की सीटी], [उदास संगीत] असं पेरून ठेवलंय. त्यातलं काय ठेवू?

सबटायटलवाला
लाल आकड्याला घाबरू नका. सॉफ्टवेअर मात्रा, अनुस्वार, नुक्ता सगळं वेगळं मोजतं. "थीं" डोळ्याला एक अक्षर दिसतं, मोजणीत तीन येतात. तुमचं वाक्य त्या हिशोबाने ७३ भरतं, पण दिसणारी अक्षरं मोकळ्या जागांसकट ४७ आहेत. ३.२ सेकंदांत ४७ म्हणजे सेकंदाला १५ पण नाही. वर "पड़ोस वाली" उडवा, सुटलात. सबटायटलमध्ये काटछाट चालतेच.

मिलिंद_ठाणे
माझ्या वडिलांना वयामुळे ऐकू कमी येतं. हिंदी मालिका बघतात, पण टीव्हीवर हिंदी अक्षरं येतच नाहीत, कधी कधी इंग्रजी येतात. ती मराठीत करून घ्यायची सोय आहे का कुठे? धागा वाचून वाटलं इथे कळेल.

नलू_काकू
मिलिंद, हे वेगळं काम आहे. चॅनेलने किंवा ओटीटीने ट्रॅक दिलेला असेल तरच तो दिसतो. रिमोटवरच्या ऑडिओ किंवा सबटायटल मेनूत जेवढ्या भाषा दिसतील तेवढ्याच. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

रेवा, बेल आधी सोडवू, बाकीचं तिच्यामागून सुटतं. संवाद पडद्यावर थोडा जास्त वेळ ठेवता येतो, बेल हलवता येत नाही. तुझ्या फाईलमध्ये ती पावणेचार सेकंद आधी वाजतेय. वाचणाऱ्याला ती बाईच्या आधी कळते, आणि बाई दचकते तेव्हा ती का दचकली हे प्रेक्षकाला शोधावं लागतं. म्हणून बेलला स्वतःचं कॅप्शन, बरोबर ११.० ला. त्यात "बजने की आवाज़" लागत नाही, कंसात लिहिलं म्हणजे तो आवाजच आहे.

बेल बाहेर गेली की संवाद १०.४ ला बंद करायचीही गरज उरत नाही. पुढे शांतताच आहे. बेलच्या आधी दोन फ्रेम मोकळ्या सोड, २५ फ्रेमच्या चित्रपटात ०.०८ सेकंद.

```
41
00:12:07,200 --> 00:12:10,920
मैंने चाबी पड़ोस वाली आंटी को दे दी थी,
पर वो दरवाज़ा खोल ही नहीं रही थीं।

42
00:12:11,000 --> 00:12:12,220
[दरवाज़े की घंटी]
```

३.७२ सेकंद झाले, वेग १९.६. आकडा हिरवा, एक शब्द न कापता. ओळी ३९ आणि ३४ अक्षरांच्या. सॉफ्टवेअरला ओळी सारख्या लांबीच्या हव्या असतात म्हणून त्याने "थी" खाली ढकलला. पण "दे दी" वर डोळा थांबला की वाक्य संपल्यासारखं वाटतं, आणि खालच्या ओळीच्या तोंडाशी एकटा "थी" बघून परत वर जावं लागतं. क्रियापद एकत्र ठेव. "को", "ने", "से" हेही आपल्या नामाला सोडून खाली जाता कामा नयेत. इथे स्वल्पविराम आयताच मिळालाय.

सबटायटलवाले, मात्रांचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. निर्मात्याने २० ही मर्यादा कोणत्या मोजणीवर ठरवली ते आधी विचारायला हवं. मर्यादा एका मोजणीची आणि आकडा दुसरीचा घेतला तर कुठलीही फाईल पास होईल.

शांत_प्रेक्षक
मी जन्मापासून कर्णबधिर. माझी पहिली भाषा सांकेतिक, हिंदी शाळेत शिकलेली, त्यामुळे वाचायला वेळ लागतो. तरी "पड़ोस वाली" कापू नका. मी ओठही बघतो. ओठ हलत असतात आणि अक्षरं संपलेली असतात तेव्हा कळतं की माझ्यापासून काहीतरी लपवलंय. माझ्या काही मित्रांना मात्र छोटी वाक्यं आवडतात, आमच्यात यावरून भांडणं होतात.

आवाजांबद्दल. कुकरची शिट्टी दिसते, वाफ उडते, ती एकदा लिहा, पुरे. पण शिट्टी ऐकून कोणी धावत आलं तर तेव्हा परत लिहा. [उदास संगीत] मला काही सांगत नाही, बाईचा चेहरा उदास दिसतोच. चेहरा हसतोय आणि संगीत भीतीचं आहे, तर ते नक्की हवं. आणि संगीत मध्येच थांबलं तर तेही लिहा, ते आम्हाला कोणीच सांगत नाही. "टिंग टाँग", "खट-खट" असलं मला नको, कोण काय वाजवतंय ते सांगा. माझ्या बायकोला ऐकू येणं मोठेपणी बंद झालं, तिला "खट-खट" च आवडतं.

रेवा_पुणे
धन्यवाद! बेल आणि ओळी बसवल्या. कुकरच्या शिट्ट्या एकीवर आणते, संगीताच्या नोंदी परत बघते. पण नवीन अडचण: १०.५६ ला शॉट बदलतो, बाईवरून दारावर. कॅप्शन १०.९२ पर्यंत ठेवलं तर ते कटवरून पुढे जातंय.

नलू_काकू
आता खरी गंमत. कटच्या दोन फ्रेम आधी, १०.४८ ला संपवलंस तर ३.२८ सेकंद उरतात आणि वेग परत २२ च्या वर. बोलण्याच्या दोन-तीन फ्रेम आधी सुरू केलंस तरी फार फरक नाही. दोन कॅप्शन करूनही उपयोग नाही, वेळ तेवढाच आणि शब्दही तेवढेच. मी असते तर कट ओलांडला असता.

सबटायटलवाला
कट ओलांडून जेमतेम तिसरा हिस्सा सेकंद? चित्र बदललं की डोळ्याला वाटतं नवीन कॅप्शन आलं, माणूस परत पहिल्यापासून वाचायला जातो आणि तेवढ्यात ते गायब. ओलांडायचं तर निदान अर्धा सेकंद तरी पुढे हवं, आणि इथे बेल मध्ये येते.

नलू_काकू
हे मान्य, म्हणूनच मलाही ते फारसं आवडत नाही. पण दार दिसतंय, बाई ऑफस्क्रीन, आणि वाक्यही दाराबद्दलच आहे. २२ चा वेग शांत_प्रेक्षक यांच्यासारख्यांना जास्त महागात पडेल असं मला वाटतं.

शांत_प्रेक्षक
दोन्ही प्रकारे करून मला पाठवाल का? न थांबवता बघून सांगतो. बायकोलाही दाखवतो, तिचं मत वेगळं येईल.

रेवा_पुणे
आज रात्री दोन्ही फाईल व्यनि करते. निर्मात्याला मोजणीचंही विचारलंय, उत्तर आलं की इथे टाकते.